व्हॉट्सॲपवरील टिक

व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या संदेशाखाली, वेळेच्या शेजारी उमटणारी खूण. एक करडी टिक दिसली की संदेश पाठवणाऱ्याच्या फोनमधून निघून व्हॉट्सॲपच्या सर्व्हरवर पोचलेला असतो. दोन करड्या टिक आल्या की तो समोरच्याच्या फोनवर, किंवा त्याने जोडलेल्या लॅपटॉपसारख्या दुसऱ्या उपकरणावर उतरलेला असतो. त्याच दोन टिक निळ्या झाल्या की समोरच्याने ते चॅट उघडलेले असते. टिकच्या जागी छोटे घड्याळ दिसत असेल तर संदेश अजून पाठवणाऱ्याच्याच फोनमध्ये आहे आणि दोष त्याच्या स्वतःच्या नेटचा आहे.

निळा रंग नोव्हेंबर २०१४ मध्ये आला. त्याआधी दोन टिक म्हणजे ‘वाचला’ असा अनेकांचा समज होता आणि तो आजही पुरता गेलेला नाही.

दुसरी टिक कशी येते हे कळले की पहिलीवर संदेश का अडकतो हेही उलगडते. व्हॉट्सॲपचा संदेश कुलूपबंद होऊनच निघतो आणि ते कुलूप फक्त घेणाऱ्याच्या उपकरणावर उघडते. सर्व्हर तो मधल्या काळात सांभाळून ठेवतो. घेणाऱ्याचा फोन नेटवर आला की संदेश खाली उतरतो आणि तो फोन ‘मिळाला’ अशी पोच उलट पाठवतो. रजिस्टर्ड पत्राची पोचपावती सही होऊन परत यावी, तशीच ही रीत आहे. ही पोच सर्व्हरमार्गे पाठवणाऱ्यापर्यंत आली की दुसरी टिक उमटते. म्हणजे त्या टिकला दोन्ही बाजूंचे नेट लागते. संदेश पाठवून लगेच आपलाच डेटा बंद केला, तर तो समोर उतरून वाचलाही गेलेला असतो आणि आपल्या पडद्यावर मात्र एकच टिक राहते.

एक उदाहरण घेऊ. जुलैतल्या एका रात्री दहा वाजता डोंबिवलीतली मुलगी राजापूर तालुक्यातल्या गावी असलेल्या वडिलांना ‘पोचलात का?’ असे विचारते. क्षणभर घड्याळ दिसते आणि एक टिक येते. गावात पावसाने वीज गेलेली आहे, टॉवर बंद आहे, फोनची बॅटरीही संपलेली आहे. रात्रभर टिक एकच राहते. सकाळी पावणेसातला वीज येते, फोन चार्जिंगला लागतो, रेंज मिळते आणि दोन करड्या टिक होतात. फोन सुरू झाला एवढेच तेव्हा कळते; वडील अजून झोपलेलेही असू शकतात. उठल्यावर ते पडद्यावर वर आलेली सूचना वाचतात, ‘हो, आलो’ असे मनात म्हणतात आणि फोन बाजूला ठेवतात. टिक करड्याच राहतात, कारण सूचनेतून वाचलेला संदेश वाचलेला धरला जात नाही. सव्वाआठला ते चॅट उघडतात, तेव्हा निळा रंग येतो. आता याच वडिलांनी आपले व्हॉट्सॲप घरातल्या लॅपटॉपवर जोडलेले असते आणि तो लॅपटॉप नेटवर चालू असता, तर फोन बंद असूनही रात्रीच दोन टिक झाल्या असत्या. दोन टिक पाहून ‘फोन चालू आहे, तरी उचलत नाहीत’ असा निष्कर्ष काढणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

एकाच टिकवर दीर्घकाळ अडकण्याचे सर्वात साधे कारण म्हणजे समोरचा फोन बंद असणे, रेंज नसणे, डेटा पॅक संपलेला असणे किंवा डेटा बंद ठेवलेला असणे. यानंतरचे कारण कमी लोकांच्या लक्षात येते. काही अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवण्यासाठी पडद्यामागे चालणारी ॲप झोपवतात, किंवा डेटा सेव्हरमुळे त्यांचे नेट तोडतात. अशा फोनवर साधा कॉल लागतो, पण संदेश मालकाने व्हॉट्सॲप उघडल्यावरच उतरतात. ओळखायची खूण अशी की सगळे अडकलेले संदेश एकदम दोन टिकचे होतात आणि त्याच मिनिटाला ती व्यक्ती ऑनलाइन दिसते. घरातल्या वयस्कर माणसाच्या बाबतीत हे वारंवार होत असेल, तर फोनच्या सेटिंगमध्ये व्हॉट्सॲपवरचे बॅटरीचे आणि पडद्यामागच्या डेटाचे निर्बंध काढावेत. नातेवाइकांचा बराच गैरसमज एवढ्याने मिटतो.

फोन बदलणे हे आणखी एक कारण. जुना फोन बिघडला आणि नव्यावर व्हॉट्सॲप अजून सुरू केले नाही, तर संदेश वाट पाहत थांबतो. नव्या फोनचे कुलूप वेगळे असते. त्यामुळे अडकलेला संदेश पाठवणाऱ्याच्या फोनला नव्या कुलपात घालून पुन्हा पाठवावा लागतो. हे आपोआप घडते, पण त्यासाठी पाठवणाऱ्याचाही फोन नेटवर असावा लागतो. सुरक्षा सूचना चालू ठेवल्या असतील तर अशा वेळी चॅटमध्ये सुरक्षा कोड बदलल्याची ओळ येते.

ब्लॉक केल्यावरही एकच टिक राहते, आणि मनात पहिली शंका बहुधा हीच येते. पण ही खूण एकटी पुरावा ठरत नाही. ब्लॉक झालेल्याला समोरच्याचे लास्ट सीन आणि ऑनलाइन असणे दिसत नाही, प्रोफाइल फोटोतले बदल दिसत नाहीत, व्हॉट्सॲप कॉल लागत नाही. यातली प्रत्येक गोष्ट दुसऱ्या कारणानेही घडू शकते. लास्ट सीन तर कित्येक जण सर्वांपासूनच लपवतात. ही संदिग्धता व्हॉट्सॲपने मुद्दाम ठेवली आहे, ब्लॉक करणाऱ्याचे संरक्षण व्हावे म्हणून. त्रास देणाऱ्यापासून सुटू पाहणाऱ्यासाठी ती गरजेचीच आहे. ब्लॉक असताना पाठवलेले संदेश पुढे ब्लॉक काढला तरी पोचत नाहीत, त्यांची टिक कायमची एकच राहते.

ग्रुपमध्ये नियम कडक आहे. दुसरी टिक सर्व सदस्यांना संदेश मिळाल्यावरच येते, आणि सर्वांनी वाचल्यावरच ती निळी होते. सोसायटीच्या ग्रुपवर पाणी बंद राहणार असल्याची सूचना टाकली आणि चाळीसपैकी एका सदस्याचा फोन दुरुस्तीला दिलेला असला, तर एकोणचाळीस जणांनी वाचूनही सूचनेवर एकच टिक राहते. संदेश दाबून धरून Message info पाहिले की कोणाला मिळाला आणि कोणी वाचला याची नावनिशी यादी दिसते. ग्रुपमध्ये तिच्यावरच विसंबावे.

निळा रंग बंदही करता येतो. Settings > Privacy मध्ये Read receipts बंद केले की समोरच्याला निळ्या टिक दिसत नाहीत, आणि आपल्यालाही त्याच्या दिसत नाहीत. त्यामुळे कायम करड्याच राहणाऱ्या दोन टिक दुर्लक्षाची खूण मानता येत नाहीत. ग्रुपमधल्या वाचल्याच्या पोचा मात्र या सेटिंगने थांबत नाहीत.

न उतरलेला संदेश सर्व्हर ३० दिवस ठेवतो आणि मग पुसून टाकतो. पाठवणाऱ्याच्या चॅटमध्ये तो एका टिकसह तसाच दिसत राहतो. महिनाभर बंद राहिलेला फोन पुन्हा सुरू झाला, तर त्याआधीचा संदेश आपणहून उतरत नाही. तो नव्याने पाठवावा लागतो. काम तातडीचे असेल तर दुसऱ्या टिकची वाट न पाहता साधा फोन करावा किंवा एसएमएस पाठवावा, कारण त्यांना समोरच्या बाजूला इंटरनेट लागत नाही.