मोफत वेबसाइट योजनांच्या मर्यादा

वेबसाइट बनवून देणाऱ्या बहुतेक कंपन्या एक बिनपैशाची योजना ठेवतात. तिला साधारण चार कुंपणे असतात: फाइल ठेवायची जागा (स्टोरेज), महिन्याला किती डेटा बाहेर जाऊ शकतो (बँडविड्थ किंवा ट्रॅफिक), पानावरच्या कंपनीच्या जाहिराती, आणि पत्त्यात कंपनीचे नाव. लोक बघतात जागा, आणि अडकतात इतर तिन्हींत.

पुण्यातले नेहमीचे उदाहरण घ्यायचे तर दिवाळीचा फराळ. समजा, कोथरूडमधल्या एका घरगुती फराळवाल्या काकूंनी चौदा जिन्नसांचे एक पान केले. चकली, चिरोटे, अनारसे, प्रत्येकाचा एक फोटो, मोबाइलवरून काढून तसाच चढवलेला. असा फोटो ४ एमबीचा धरला तर पान ५६ एमबीचे झाले. विक्ससारख्या सेवेच्या मोफत योजनेत जागा ५०० एमबी आणि बँडविड्थही ५०० एमबी आहे असे धरू. सेवा फोटो मूळ आकारातच पाठवते असेही धरले, तर जागेचा जेमतेम नववा हिस्सा वापरला गेला. काकूंना वाटणार, अजून कितीतरी मोकळी आहे. पण पान उघडले की प्रत्येक वेळी ५६ एमबी बाहेर जातात, म्हणजे नववा माणूस पान पुरते बघेपर्यंत महिन्याचा कोटा संपला. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिंक पडल्यावर नऊ माणसे यायला चहा उकळण्याइतका वेळही लागत नाही.

तेच फोटो १२०० पिक्सेल रुंदीचे करून प्रत्येकी १५० केबीवर आणले, तर पान २.१ एमबीचे होते आणि कोटा सुमारे २३८ भेटींना पुरतो. काही सेवा फोटो आपोआप लहान करून पाठवतात, तेव्हा अंदाजावर विसंबू नये, मोजावे. संगणकावर क्रोममध्ये पान उघडून F12 दाबायचे, Network या टॅबमध्ये Disable cache वर खूण करायची आणि पान पुन्हा लोड करून शेवटपर्यंत खाली सरकवायचे. तळाशी transferred शब्दाजवळ जो आकडा दिसतो तो एका भेटीचा खर्च. दिवाळीच्या महिन्यात अपेक्षित भेटींनी त्याला गुणले की योजना पुरेल की नाही ते कळते. कोटा संपल्यावर काय होते, पान बंद पडते की पैसे भरायची सूचना येते, हे मात्र सेवेच्या अटींतच शोधावे लागते.

मोठा कोटा दिसला म्हणून हुरळून जाण्यातही अर्थ नाही. गिटहब पेजेस या मोफत सेवेवर साइट १ जीबीपर्यंत असू शकते आणि बँडविड्थला महिन्याला १०० जीबीची सैल मर्यादा आहे. काकूंचे लहान केलेले पान तिथे हजारो वेळा उघडले तरी चालेल. पण ऑनलाइन धंदा चालवण्यासाठी ती जागा वापरायची नाही, असे त्यांच्या अटींतच लिहिले आहे.

जाहिरातींची गंमत अशी की त्या अनेकदा मालकालाच दिसत नाहीत. वर्डप्रेस डॉट कॉमच्या मोफत साइटवर कंपनी जाहिराती दाखवते, उत्पन्नही तिचेच. मालक लॉगइन करून आपले पान बघतो, त्याला सगळे स्वच्छ दिसते. गिऱ्हाइकाला मात्र अनारशांखाली दुसऱ्याच मिठाईची जाहिरात दिसू शकते. म्हणून पान खासगी विंडोत, शक्यतो दुसऱ्याच्या फोनवर उघडून पाहावे.

सगळ्यात महाग पडतो तो पत्ता. मोफत योजनेत तो wixsite.com किंवा wordpress.com अशा शेपटीचा असतो. स्क्रीनवर ते खपून जाते, पण तोच पत्ता क्यूआर कोड करून फराळाच्या पाचशे खोक्यांवर छापला की गाठ पक्की झाली. पुढच्या वर्षी स्वतःचे डोमेन, म्हणजे स्वतःच्या नावाचा पत्ता, घेऊन दुसरीकडे गेले तरी खोक्यांवरचा कोड जुन्याच दारात नेतो. जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वळवण्याची सोय बऱ्याच ठिकाणी पैसे भरूनच मिळते. ब्लॉगर इथे वेगळा: विकत घेतलेले डोमेन तो फुकट जोडू देतो आणि blogspot.com चा जुना पत्ता त्याकडे वळवतो.

आणि दार कंपनीनेच बंद केले तर? गूगलच्या बिझनेस प्रोफाइलमधून दुकानांना business.site पत्त्याची मोफत पाने मिळत. मार्च २०२४ मध्ये ती बंद झाली. १० जूनपर्यंत लिंक प्रोफाइलकडे वळत होती, त्यानंतर पान सापडत नाही एवढेच. छापील पाटीवरचा पत्ता अर्थातच तसाच राहतो.

त्यामुळे कोड छापण्याआधी डोमेन घेणे बरे. घेताना पहिल्या वर्षाचा सवलतीचा भाव नव्हे, नूतनीकरणाचा भाव पाहावा. मजकूर बाहेर काढता येतो का, हेही तेव्हाच तपासावे. वर्डप्रेस लेखांची एक्सएमएल फाइल देते. विक्सची साइट जशीच्या तशी दुसऱ्या होस्टवर नेता येत नाही, म्हणून भाव आणि फोटो आपल्या संगणकावरही ठेवलेले असावेत.