प्रत्येक कॅशियरला वेगळं लॉगिन का लागतं?

"बिल कोणी डिलीट केलं, जरा बघून सांगा ना." असा दुकानदाराचा फोन आला की आम्ही बिलिंग सॉफ्टवेअरमधली नोंद उघडतो. रात्री ८:४०, बिल क्रमांक १२१७, रक्कम ६४० रुपये, डिलीट करणारा 'admin'. दुकानातले तिघेही 'admin'नेच बिलं करत असतील, तर यापुढे आम्हालाही काही सांगता येत नाही.

असं बिल हिशोबात पकडणं अवघड असतं. गिऱ्हाईक रोख पैसे देऊन, बिल न घेताच गेलेलं असतं. मागून बिल डिलीट झालं की विक्री ६४० रुपयांनी कमी दिसते आणि तेवढेच पैसे गल्ल्यातून काढले, तर रात्रीचा हिशोब बरोबर जुळतो. बिल उडालं की माल पुन्हा स्टॉकमध्ये दिसतो, पण फळीवर तो नसतो. ते कळतं थेट स्टॉक मोजताना, आणि तोवर संशय तिघांवरही आलेला असतो. प्रामाणिक माणसाला हेच जास्त लागतं.

म्हणून कॅशियरच्या लॉगिनला आम्ही नवीन बिल करणं, बिल होल्डवर ठेवणं आणि जुन्या बिलाची प्रत काढणं एवढेच अधिकार देतो. सेव्ह झालेलं बिल बदलणं, मागची तारीख टाकणं, दर बदलणं, स्टॉक दुरुस्त करणं आणि खरेदीचा दर बघणं बंद असतं. सूट किती टक्क्यांपर्यंत द्यायची, ते तुम्ही ठरवा. बिल चुकलं तर मालकाच्या पासवर्डने, कारण लिहून ते रद्द करायचं, डिलीट नाही. त्याचा क्रमांक तसाच राहतो. जीएसटीआर-१च्या तक्ता १३ मध्ये रद्द बिलांची संख्या द्यावीच लागते, तेव्हा मधलेच क्रमांक गायब असले की अडचण होते.

"दरवेळी पासवर्ड कोण टाकणार?" ही तक्रार रास्त आहे. पण गर्दीत मालकाचा पासवर्ड कॅशियरला सांगितला की ही सगळी मांडणी त्याच दिवशी संपते. सांगावाच लागला, तर रात्री बदला.

पाळी बदलताना गल्लाही त्या-त्या कॅशियरच्या लॉगिनवर बंद करा. सकाळचे सुट्टे २,०००, रोख विक्री १८,४५०, परतावा ३००, किरकोळ खर्च १५०. म्हणजे गल्ल्यात २०,००० हवेत. १९,५०० निघाले तर ५०० ची विचारणा त्याच पाळीच्या माणसाकडे होते. चहाला उठताना लॉगआउट राहून जातं, त्यासाठी दोन मिनिटांचं ऑटो-लॉक आम्ही लावून देतो.

एक मर्यादा मात्र आहे: बिलच न करता माल दिला, तर लॉगिनला ते कळत नाही. त्यासाठी जास्त खपाच्या दहा-बारा वस्तू दर आठवड्याला मोजा.

कामगार सोडून गेला तर त्याचं लॉगिन डिलीट करू नका, बंद करा. त्याची जुनी बिलं त्याच नावावर असतात. वाढीव लॉगिनचे आम्ही वेगळे पैसे घेत नाही. कॅशियरची नावं आणि सूट देण्याची मर्यादा लिहून पाठवा, दुकान उघडायच्या आधी येऊन लावून देऊ.