खारपाणपट्ट्यातील पाण्याची तपासणी : नायट्रेटचा आकडा आम्ही कसा ठरवतो

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांच्या खारपाणपट्ट्यातून आमच्याकडे येणाऱ्या विहिरी-बोअरच्या पाण्यात क्लोराइड इतके जास्त असते की नायट्रेटचा आकडा विशेष काळजीने काढावा लागतो.

आयन क्रोमॅटोग्राफीत गाळलेले पाणी कार्बोनेट-बायकार्बोनेटच्या द्रावणाबरोबर एका कॉलममधून जाते. कॉलमला कमी चिकटणारे क्लोराइड आधी बाहेर येते, नायट्रेट त्यानंतर, आणि दोन ऋणभार असलेले सल्फेट बहुधा सर्वांत शेवटी. विद्युतवाहकता मोजणारा डिटेक्टर प्रत्येकाचे शिखर आलेखावर काढतो. सल्फेट दूर असल्याने ते सहसा त्रास देत नाही. खरी अडचण क्लोराइड आणि नायट्रेट यांच्या मधल्या जागेत असते, कारण खाऱ्या पाण्यात थोडे ब्रोमाइडही असते आणि ते नायट्रेटच्या अगदी आधी येते. क्लोराइड फार असले की कॉलमवरील जागा भरून जातात, शिखरे पसरतात आणि ब्रोमाइड नायट्रेटमध्ये मिसळते. अशा वेळी नायट्रेटच्या शिखराच्या डाव्या उतारावर छोटा खांदा दिसतो. तो दिसला नाही तरी उतार दोन्ही बाजूंनी सारखा आहे का, हे आम्ही पाहतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, पाणी तसेच सोडल्यावर नायट्रेट ४७ मिलिग्रॅम प्रति लिटर निघाले आणि शिखराला खांदा होता. मग त्याच पाण्याचे ५ मिलिलिटर शुद्ध पाण्याने १०० मिलिलिटर करून पुन्हा चालवले. आता दोन शिखरे सुटी झाली : ब्रोमाइड ०.२ आणि नायट्रेट २.२. वीसने गुणल्यावर नायट्रेट ४४ येते. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार मर्यादा ४५ आहे आणि तीत सवलत नाही, म्हणून हा फरक मोठा आहे. तरीही ४४ म्हणजे निर्धास्त नव्हे. इतक्या जवळच्या निकालावर आम्ही पुन्हा मोजणी करतो.

पहिले शिखर ब्रोमाइडचेच आहे, याची खात्री करण्यासाठी पातळ केलेल्या नमुन्यात लिटरला ०.५ मिलिग्रॅम ब्रोमाइड वाढेल इतके प्रमाणित द्रावण घालतो. पहिले शिखर ०.७ वर गेले आणि नायट्रेट जागच्या जागी राहिले, तर ओळख पक्की. पातळ करूनही शिखरे सुटी होत नसतील, तर कार्बोनेटचे प्रमाण कमी करून चालवतो. त्यात सल्फेटला बराच उशीर लागतो, पण मधली जागा मोकळी होते.

नमुना स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत, त्याच पाण्याने तीनदा विसळून भरावा, त्यात कोणतेही आम्ल घालू नये, कारण सल्फ्युरिक आम्लाने सल्फेटचा आकडाच बिघडतो. बाटली बर्फात ठेवून ४८ तासांच्या आत पोहोचवावी. अहवालात आम्ही नायट्रेट म्हणूनच आकडा देतो. दुसऱ्या अहवालात तो नायट्रोजन म्हणून असेल, तर ४५ च्या जागी सुमारे १०.२ ही मर्यादा धरावी.