व्हॅलिडेशनची रेषा वर वळली की थांबायचं? या प्रश्नामागचा इतिहास

मशिन लर्निंग शिकताना एक चित्र लवकरच समोर येतं. आडव्या अक्षावर इपॉक, म्हणजे ट्रेनिंगच्या सगळ्या डेटावरून झालेल्या फेऱ्या; उभ्या अक्षावर लॉस, म्हणजे मॉडेलची चूक. ट्रेनिंग लॉसची रेषा उतरतच राहते. व्हॅलिडेशन लॉसची, म्हणजे शिकवताना न वापरलेल्या डेटावरच्या चुकीची रेषा काही काळ तिच्याबरोबर उतरते, तळ गाठते आणि वर वळते. वळण दिसलं की ओव्हरफिटिंग, म्हणजे शिकण्याऐवजी उदाहरणं पाठ करणं सुरू झालं, तिथे थांबा, असं त्याखाली लिहिलेलं असतं. चित्रातल्या रेषा गुळगुळीत असल्यामुळे सल्ला सोपा वाटतो. प्रत्यक्षात व्हॅलिडेशनची रेषा थरथरत उतरते, वाटेत अनेकदा वर वळते आणि पुन्हा खाली येते. त्यातलं खरं वळण कोणतं ते त्या घडीला सांगता येत नाही, कारण पुढचा आलेख अजून उमटलेलाच नसतो. किती इपॉक वाट बघायची हे सांगणाऱ्या ज्या सेटिंगला आज आपण ‘पेशन्स’ म्हणतो, ते या अडचणीतूनच आलं आहे.

शिकलेल्या आकड्यांवर मॉडेल जितकं चांगलं दिसतं तितकं ते नव्या आकड्यांवर नसतं, हे माहीत होऊन बराच काळ लोटला आहे. 1931 मध्ये सेल्मर लार्सन यांनी शैक्षणिक मानसशास्त्राच्या एका नियतकालिकात हेच दाखवलं होतं: एका गटावर बसवलेलं रिग्रेशनचं समीकरण दुसऱ्या गटाला लावलं की त्याचा मेळ आक्रसतो. पण त्या काळी आलेख काढण्याचा प्रश्नच नव्हता. रिग्रेशनचं गणित एकदम सुटायचं, त्यामुळे हातात दोनच आकडे यायचे, जुन्या गटावरचा आणि नव्या गटावरचा. ‘कधी बिघडायला लागलं’ हे विचारायचं तर शिकणं टप्प्याटप्प्याने व्हायला हवं. 1986 मध्ये रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांच्या लेखाने बॅकप्रोपगेशन, म्हणजे चूक मागे पोचवून नेटवर्कची वजनं सुधारण्याची पद्धत, सर्वदूर पोचवली, आणि न्यूरल नेटवर्कला अशी वेळेची अक्षरेषा मिळाली. वजनं प्रत्येक फेरीत थोडी थोडी बदलतात, म्हणून प्रत्येक फेरीनंतर थांबून चूक मोजता येते.

लगेचच काही गटांनी ती मोजायला सुरुवात केली. नेल्सन मॉर्गन आणि एर्व्हे बुर्लार यांनी आवाज ओळखण्याच्या कामात बाजूला ठेवलेल्या डेटावर नजर ठेवून ट्रेनिंग थांबवण्याचे प्रयोग केले. 1990 मध्ये वाइगेंड, ह्यूबरमन आणि रुमेलहार्ट यांनी सूर्यावरच्या डागांची वार्षिक मालिका घेतली. आधीच्या 12 वर्षांचे आकडे देऊन पुढच्या वर्षाचा अंदाज करायचा, मध्ये 8 हिडन युनिट. या रचनेत एकूण 113 वजनं होतात. ट्रेनिंगसाठी 1700 ते 1920 ही वर्षं होती, म्हणजे पहिली 12 सोडली तर जेमतेम 209 उदाहरणं. दोन उदाहरणांमागे एकाहून जास्त वजन पडतं, त्यामुळे नेटवर्कला मालिकेतला गोंगाटसुद्धा पाठ करता येतो. तो पाठ होण्याआधी थांबायचं असेल तर काही आकडे बाजूला ठेवून त्यांच्यावरची चूक फेरीगणिक बघत राहणं भाग होतं.

तरीही थांबायचं कधी, हे माणूस आलेख बघूनच ठरवत असे. या सवयीला नीट तपासलं ते जर्मनीतल्या कार्ल्सरूह इथल्या लुट्झ प्रेखेल्ट यांनी. 1998 मध्ये आलेल्या त्यांच्या लेखनात एका खऱ्या व्हॅलिडेशन आलेखाचं वर्णन आहे, आणि माझ्या मते या विषयातली शिकण्यासारखी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट त्या एका आलेखात आहे. तीव्र ओव्हरफिटिंग सुमारे 400 व्या इपॉकला सुरू होतं, पण त्याआधी रेषेला तब्बल 16 स्थानिक तळ आहेत. त्यांपैकी फक्त 4 तळ तोवरचे सर्वांत खालचे होते. पहिला खोल तळ 45 व्या इपॉकच्या आसपास आहे, तर सर्वांत चांगला 205 व्या इपॉकला. 45 नंतर लगेच थांबण्याऐवजी 400 पर्यंत धीर धरला तर 205 चा तळ हाती लागतो, मात्र वेळ सुमारे सातपट जातो आणि व्हॅलिडेशनवरची चूक सुधारते ती फक्त 1.1 टक्क्याने.

रेषा वर गेली म्हणून थांबायचं, हा नियम इथे पहिल्या दुसऱ्या उसळीलाच फसतो. म्हणून प्रेखेल्ट यांनी तीन प्रकारचे निकष मांडले. पहिला विचारतो की आतापर्यंतच्या सर्वांत कमी व्हॅलिडेशन चुकीपेक्षा आपण किती टक्के वर आहोत:

```
GL(t) = 100 * (E_va(t) / E_opt(t) - 1)
```

समजा आतापर्यंतचा नीचांक, म्हणजे E_opt, 0.430 आहे. पुढच्या एका इपॉकला व्हॅलिडेशन लॉस, म्हणजे E_va, 0.442 झाला तर GL सुमारे 2.8 येतो, आणखी पुढे 0.456 झाला तर सुमारे 6. मर्यादा 5 ठेवली असेल तर पहिली उसळी माफ होते आणि दुसरीवर ट्रेनिंग थांबतं. तुलना मागच्या इपॉकशी होत नाही, नीचांकाशी होते. रेषा वाचताना डोळ्यालाही हीच सवय लावायला हवी.

दुसरा निकष मला जास्त आवडतो, कारण तो दोन्ही रेषा एकत्र वाचतो. ट्रेनिंग लॉस अजून झपाट्याने उतरत असेल तर व्हॅलिडेशनची उसळी तात्पुरती असण्याची शक्यता जास्त असते, कारण नेटवर्क अजून मोठे फेरबदल करतंय. ट्रेनिंग लॉस जवळपास सपाट झाल्यावर तीच उसळी आली तर तिचा अर्थ वेगळा होतो. म्हणून शेवटच्या 5 इपॉकांची एक पट्टी घ्यायची आणि तिच्यातल्या ट्रेनिंग लॉसची सरासरी तिच्यातल्या किमान लॉसपेक्षा किती जास्त आहे ते हजारी प्रमाणात मोजायचं. पट्टीत 0.40, 0.38, 0.36, 0.34, 0.32 असे आकडे असतील तर ही प्रगती 125 येते. 0.300, 0.298, 0.297, 0.296, 0.295 असे असतील तर फक्त 7.5 च्या आसपास. आता GL ला प्रगतीने भागायचं. GL दोन्हीकडे 6 धरला तर पहिल्या वेळी भागाकार 0.05 च्याही आत राहतो, दुसऱ्या वेळी 0.8 होतो. 0.75 ही मर्यादा असेल तर पहिलं ट्रेनिंग चालू राहील, दुसरं थांबेल. व्हॅलिडेशनची उसळी दोन्हीकडे सारखीच होती, फरक ट्रेनिंगच्या रेषेने केला.

तिसरा निकष सर्वांत साधा. पट्टीच्या शेवटी व्हॅलिडेशन चूक मागच्या पट्टीच्या शेवटापेक्षा जास्त आहे का, एवढंच बघायचं, आणि असं सलग ठरावीक वेळा झालं की थांबायचं. चूक किती वाढली याकडे लक्षच द्यायचं नाही.

12 समस्या, 24 नेटवर्क रचना आणि एकूण 1296 ट्रेनिंग, एवढ्यावर हे निकष पडताळले गेले. जास्त धीर धरणाऱ्या निकषांनी सरासरी सुमारे 4 टक्के सुधारणा मिळवली, पण वेळ सरासरी सुमारे चौपट घेतला. म्हणजे थांबण्याचा एकच बरोबर क्षण नसतो. वेळ किती द्यायचा आणि त्या बदल्यात किती सुधारणा पुरेशी मानायची, हे आधी ठरवावं लागतं. त्यांच्या डेटासंचांत अर्धी उदाहरणं ट्रेनिंगला, पाव व्हॅलिडेशनला आणि पाव शेवटच्या चाचणीला होती. तिसरा वाटा चैनीचा नव्हता. ज्या सेटवर तळ शोधला त्याच सेटवरचा तळाचा आकडा थोडा नशिबाचा असतो, तो निकाल म्हणून सांगता येत नाही.

2015 मध्ये न्यूरल नेटवर्क बनवण्याची केरास ही लायब्ररी आली आणि थांबण्याचा निकष एका ओळीत लिहिता येऊ लागला:

```python
EarlyStopping(monitor="val_loss", patience=10,
              restore_best_weights=True)
```

पेशन्स हा तिसऱ्या निकषाचा जवळचा नातलग आहे. नवा नीचांक येऊन किती इपॉक झाले एवढंच तो मोजतो, ट्रेनिंगच्या रेषेकडे बघत नाही. वरच्या आलेखात 45 नंतर 10 इपॉकांत नवा नीचांक आला नसता तर 205 चा तळ कधी दिसलाच नसता. शेवटचं सेटिंगही मुद्दाम द्यावं लागतं. न दिल्यास ट्रेनिंग योग्य वेळी थांबतं, पण हाती राहतात ती तळानंतर 10 इपॉकांनी बिघडलेली वजनं. याच लायब्ररीत दोन रेषांमधलं अंतर बघतानाही एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. ट्रेनिंग लॉस हा चालू इपॉकभरातली सरासरी असतो आणि तो ड्रॉपआउट, म्हणजे काही युनिट अधूनमधून बंद ठेवण्याची युक्ती, सुरू असताना मोजला जातो. व्हॅलिडेशन लॉस इपॉकच्या शेवटी, ड्रॉपआउट बंद करून. सुरुवातीला व्हॅलिडेशनची रेषा खाली दिसते ती पुष्कळदा याचमुळे.

प्रेखेल्ट यांनी मोजलेली चूक वर्गाची होती, अंतराचा वर्ग या अर्थाने. आजच्या वर्गीकरणाच्या मॉडेलमध्ये बहुतेक वेळा क्रॉस-एंट्रॉपी, म्हणजे बरोबर उत्तराला दिलेल्या संभाव्यतेवरून काढलेला लॉस, असते, आणि तिथे वर वळणाऱ्या रेषेचा अर्थ बदलू शकतो. दोन पर्यायांतल्या बरोबर उत्तराला मॉडेलने 0.1 संभाव्यता दिली तर लॉस 2.3 होतो, 0.01 दिली तर 4.6. दोन्ही वेळा उत्तर चुकलेलंच आहे, पण दंड 2.3 ने वाढला. उलट, बरोबर ओळखलेल्या उदाहरणाची संभाव्यता 0.9 वरून 0.99 झाली तर लॉस जेमतेम 0.095 ने कमी होतो. एका जास्त ठामपणे केलेल्या चुकीने सुमारे 24 बरोबर उत्तरांची कमाई पुसली जाते. त्यामुळे लॉस वाढत असतानाच बरोबर उत्तरांचं प्रमाणही वाढू शकतं.

2017 मध्ये चुआन गुओ आणि सहकाऱ्यांनी हे CIFAR-100 या चित्रसंचावर 110 थरांच्या रेसनेट या न्यूरल नेटवर्कमध्ये दाखवलं. 250 व्या इपॉकला लर्निंग रेट, म्हणजे वजनं बदलण्याच्या पावलाचा आकार, उतरवल्यावर न पाहिलेल्या डेटावरचा लॉस आधी एकदम उतरला आणि मग चढू लागला, आणि त्याच पट्ट्यात चुकलेल्या उत्तरांचं प्रमाण 29 टक्क्यांवरून 27 टक्क्यांवर आलं. मॉडेल उत्तरांत बिघडत नव्हतं, स्वतःच्या उत्तरांवर गरजेपेक्षा जास्त ठाम होत होतं. म्हणून `val_loss` वळला की शेजारी `val_accuracy` ची रेषाही काढावी. दोन्ही बिघडत असतील तर मागच्या तळाकडे परतायचं. फक्त लॉस चढत असेल तर त्याच लेखातला उपाय आहे: सॉफ्टमॅक्समध्ये, म्हणजे आकड्यांच्या संभाव्यता करणाऱ्या सूत्रात, जाणारे सगळे आकडे एकाच धन संख्येने भागायचे आणि ती संख्या व्हॅलिडेशन सेटवर शोधायची. सर्वांत मोठा आकडा सर्वांत मोठाच राहतो, म्हणून एकही उत्तर बदलत नाही, फक्त फाजील ठामपणा उतरतो.