बुबुळाचा बुरशीजन्य व्रण

ऊसतोडीच्या हंगामात पात्याने किंवा पाचटाने डोळ्याला ओरखडा बसून बुबुळावर होणारा संसर्ग. बुबुळावरचा पारदर्शक पडदा म्हणजे पारपटल. त्याला चीर पडली की पाल्यावरची बुरशी, बहुधा फ्युजेरियम किंवा अ‍ॅस्परजिलस, आत शिरते. निपाणी, चिकोडी, अथणी या ऊसपट्ट्यांत याची पहिली गल्लत ‘डोळे आले’ अशी होते.

डोळे येतात तेव्हा चिकट घाण येते, खुपते. पण पापणी मिचकावली की नीट दिसते. व्रणात डोळा ठणकतो, उजेड सोसत नाही, मिचकावूनही धुकं हटत नाही. लाली बुबुळाच्या कडेभोवती जास्त असते. चांगला डोळा हाताने झाकून दुखऱ्या डोळ्याने भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे पाहावेत. ते पुसट दिसले तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. आकडे स्पष्ट दिसले, पण ठणका आणि उजेडाचा त्रास असला, तरीही जावे.

नेहमी घडते ते असे: सोमवारी पाते लागते, बाई पदराने डोळा पुसून मोळी बांधत राहते. बुधवारी डोळा लाल होतो आणि मेडिकलमधून थेंबांची बाटली येते. त्यात डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड असले तर लाली उतरते, बरे वाटते. आत मात्र शरीराचा प्रतिकार दबतो आणि बुरशी खोल जाते. पुढच्या आठवड्यात बुबुळावर पिसासारख्या कडांचा करडा-पांढरा ठिपका दिसतो. कधी बुबुळाच्या तळाशी पूही साचतो. म्हणून बाटलीवरचे नाव वाचणे आणि ती सोबत नेणे महत्त्वाचे.

तज्ज्ञ स्लिट लॅम्पखाली डोळा पाहतात, भूल देणारा थेंब टाकून व्रणाचा कण खरवडून घेतात. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की बुरशीचे तंतू बऱ्याचदा तेव्हाच दिसतात. मग नॅटामायसिन ५ टक्के थेंब सुरुवातीला दर तासाला टाकावे लागतात, आणि उपचार कित्येक आठवडे चालतो. हे औषध खोल शिरत नाही, म्हणून व्रण उथळ असतानाच पोहोचण्याला इतके मोल आहे. भरल्यावर उरणारा पांढरा डाग, ज्याला घरोघर ‘फूल पडले’ म्हणतात, तो मधोमध असला तर नजर अधू राहते. पारपटल फाटू लागले तर रोपण करावे लागते.

सीमाभागात एक अडचण भाषेचीही आहे. सरकारी दवाखान्याच्या खिडकीवर नुसते ‘डोळा दुखतोय’ म्हटले तर साध्या रांगेत बसवतात. ‘पाते लागलंय, दिसत नाही’ असे स्पष्ट सांगावे. समोरचा कन्नड बोलणारा असला तर ‘कण्णु मंजागिदे’, म्हणजे नजर धुरकट झाली आहे. निघताना डोळा चोळू नये, घट्ट पट्टी बांधू नये, तूप, मध किंवा दूध घालू नये. उन्हासाठी टोपी किंवा काळा चष्मा चालतो.

हीच लक्षणे डोळ्याच्या आतल्या सुजेतही असतात. डोकेदुखी, उलट्या आणि दिव्याभोवती रंगीत वलये दिसली तर डोळ्यातला दाब एकाएकी वाढलेला असू शकतो. तेथे तासांचाही उशीर महागात पडतो.