अडथळे असलेल्या जाळीतील वाटांची मोजणी

चौकोनी घरांच्या जाळीत वरच्या डाव्या कोपऱ्यातून निघून खालच्या उजव्या कोपऱ्यात पोहोचायचे आहे. दरवेळी एक घर उजवीकडे किंवा एक घर खाली, एवढ्या दोनच चाली चालतात आणि काही घरे बंद आहेत. अशा किती वेगवेगळ्या वाटा निघतात, हा डायनॅमिक प्रोग्रॅमिंग शिकताना बहुधा पहिल्या आठवड्यातच भेटणारा प्रश्न आहे. दोन मितींचा तक्ता भरून तो सुटतो. त्याच तक्त्याचे काम एका ओळीच्या ॲरेत करता येते, आणि तिथे पोहोचल्यावर हा प्रश्न दिसतो तितका बाळबोध राहत नाही.

एकही घर बंद नसेल तर प्रोग्रॅमची गरजच नाही. `m` ओळी आणि `n` स्तंभ असतील, तर एकूण `m+n-2` चालींपैकी खाली जाण्याच्या `m-1` चाली कोणत्या एवढेच निवडायचे असते. म्हणून उत्तर `C(m+n-2, m-1)`. ४ ओळी आणि ५ स्तंभांच्या मोकळ्या जाळीत ३५ वाटा निघतात. अशा जाळीच्या प्रत्येक घरात तिथवरच्या वाटांची संख्या लिहीत गेले की तिरका धरलेला पास्कलचा त्रिकोण, म्हणजेच जुन्या छंदशास्त्रातला मेरुप्रस्तार, समोर येतो. एक घर बंद केले की हे सूत्र जसेच्या तसे चालत नाही.

मोडत नाही ते एवढेच: कोणत्याही घरात शेवटची चाल वरून तरी येते, नाहीतर डावीकडून. त्यामुळे उघड्या घरापर्यंतच्या वाटा म्हणजे वरच्या घरापर्यंतच्या वाटा अधिक डाव्या घरापर्यंतच्या वाटा. बंद घरापर्यंतच्या वाटा शून्य. जाळीबाहेरचे घरही शून्यच धरायचे, आणि सुरुवातीचे घर उघडे असेल तर तिथे १.

हेच रिकर्शनने सरळ लिहिले तर उत्तर बरोबर येते, पण वेळ हाताबाहेर जातो. कारण असे फंक्शन एकेक वाट शेवटपर्यंत चालून मगच मोजते. २० × २० च्या मोकळ्या जाळीत ३,५३४ कोटींहून जास्त वाटा आहेत, तर घरे फक्त ४००. तेच घर पुन्हा पुन्हा मोजण्याऐवजी एकदा मोजून लिहून ठेवायचे, की ४०० बेरजांत काम संपते.

एक जाळी, हाताने

खालच्या जाळीत `#` म्हणजे बंद घर आणि `.` म्हणजे उघडे घर.

```
. . . . .
. . # . .
# . . . .
. . . # .
```

पहिल्या ओळीत वरून कोणी येऊ शकत नाही, म्हणून सगळीकडे १. दुसऱ्या ओळीत पहिले घर १, दुसरे १ + १ = २, तिसरे बंद म्हणून ०, चौथे १ + ० = १ आणि पाचवे १ + १ = २. तिसऱ्या ओळीची सुरुवातच बंद घराने होते. याच रीतीने चारही ओळी भरल्या की तक्ता असा दिसतो:

```
1 1 1 1 1
1 2 0 1 2
0 2 2 3 5
0 2 4 0 5
```

उत्तर ५. तीन घरे बंद केल्याने ३५ पैकी ३० वाटा गेल्या.

चौथ्या ओळीतल्या पहिल्या घराकडे नीट पाहावे. ते घर उघडे आहे, तरी तिथे ० आहे, कारण त्याच्या डोक्यावरचे घर बंद आहे आणि डावीकडे जाळीच नाही. पहिली ओळ आणि पहिला स्तंभ आधीच वेगळ्या लूपने १ ने भरून टाकण्याची सवय असते, तिचा घात इथे होतो. असे लूप बंद घरी ० लिहून पुढच्या उघड्या घरी पुन्हा १ लिहून मोकळे होते. गंमत म्हणजे या जाळीत ती चूक पकडलीच जात नाही. शेवटची ओळ `1 3 5 0 5` अशी येते, पण शेवटच्या घराच्या डावीकडचे घर बंद असल्याने चुकीचे आकडे तिथेच अडतात आणि उत्तर तरीही ५ येते. एका उदाहरणाचे उत्तर जुळले म्हणून तक्ता बरोबर, असे धरता येत नाही.

एका ओळीवर येणे

तक्त्याची एखादी ओळ भरताना फक्त तिच्या वरची ओळ लागते, त्याआधीच्या ओळींकडे कोणी पाहत नाही. म्हणून दोन ओळी पुरतात, हे चटकन ध्यानात येते. एकच ओळ पुरते हे समजायला मात्र थोडे थांबावे लागते. डावीकडून उजवीकडे जाताना आपण `row[j]` पाशी असू, तेव्हा `row[j]` मध्ये अजून मागच्या फेरीतला आकडा आहे, म्हणजे वरच्या घराचा. `row[j-1]` मात्र नुकताच बदललेला, म्हणजे याच ओळीतल्या डाव्या घराचा. लागणारे दोन्ही आकडे जागच्या जागी हजर असतात. बेरीज करून `row[j]` वर लिहिली की जुना आकडा पुसला जातो, आणि तो पुन्हा कोणालाच लागत नाही.

```python
def count_paths(grid):
    n = len(grid[0])
    row = [0] * n
    row[0] = 1
    for line in grid:
        for j in range(n):
            if line[j] == '#':
                row[j] = 0
            elif j > 0:
                row[j] += row[j - 1]
    return row[-1]
```

सुरुवातीचा `1 0 0 0 0` म्हणजे जाळीच्या वर कल्पलेली एक जादा ओळ आहे. तिच्यातला १ पहिल्या घरात वरून उतरतो. त्यामुळे पहिल्या ओळीसाठी वेगळा लूप लागत नाही. सुरुवातीचेच घर बंद असेल तर `row[0]` शून्य होतो आणि उत्तरही आपोआप शून्य येते. पहिल्या स्तंभात एकदा ० आला की तो पुढे बदलतच नाही, म्हणजे वर सांगितलेली चूक करायला जागाच उरत नाही. मेमरी वाचते हा फायदा सगळे सांगतात. कडेच्या घरांची कटकट संपते, हा माझ्या मते तितकाच मोठा फायदा आहे.

वाचणारी मेमरी किती, तर १०,००० × १०,००० च्या जाळीत दर आकड्याला ८ बाइट धरले की पूर्ण तक्त्याला ८० कोटी बाइट लागतात आणि एका ओळीला ८०,०००. बेरजा मात्र दोन्हीकडे तेवढ्याच, दहा कोटी. ओळी थोड्या आणि स्तंभ फार असतील तर ओळीऐवजी स्तंभ धरून चालावे, म्हणजे ॲरेची लांबी दोन्हींतल्या लहान बाजूएवढी राहते. जाळी फाइलमधून ओळीओळीने वाचता येत असेल तर तीही पूर्ण साठवायची गरज नाही.

शून्य लिहायचे राहिले तर

पूर्ण तक्त्यात बंद घर नुसते ओलांडून पुढे गेले तरी चालते, कारण तिथे आधीपासूनच ० असतो. एका ओळीत तसे चालत नाही. तिथे वरच्या घराचा शिळा आकडा पडून असतो आणि `row[j] = 0` लिहिले नाही तर तो पुढच्या बेरजांत मिसळतो. तक्त्याच्या कोडवरून ओळीच्या कोडकडे वळताना सर्वात जास्त वेळा होणारी चूक हीच. वरच्या जाळीत तिने ५ ऐवजी १५ उत्तर येते.

हे १५ वाटेल तसे आलेले नसते. शिळा आकडा तसाच राहणे म्हणजे बंद घरात वरून शिरायला परवानगी देणे आणि डावीकडून शिरायला मनाई करणे. चुकलेले कोड या दुसऱ्याच प्रश्नाचे अचूक उत्तर देत असते, आणि त्यावरूनच ते पकडता येते. जाळीच्या ओळींचे स्तंभ आणि स्तंभांच्या ओळी केल्या तर वाटांची संख्या बदलायला नको, कारण प्रत्येक वाटेतल्या ‘उजवीकडे’ आणि ‘खाली’ यांची फक्त अदलाबदल होते. चुकलेले कोड मात्र वरच्या जाळीला १५ आणि तिच्या उलटवलेल्या रूपाला १७ सांगते. दुसरी चाचणी याहून सोपी: मधली एक ओळ पूर्ण बंद करावी. उत्तर ० आले नाही तर शून्य लिहायचे राहिले आहे. मधला एक स्तंभ पूर्ण बंद करून मात्र ही चूक दिसत नाही. त्या स्तंभाच्या माथ्यावर कल्पित ओळीतला ० असतो आणि तोच खालपर्यंत टिकतो, त्यामुळे चुकलेले कोडही शहाण्यासारखे ० सांगते.

दिशा उलटी केली, म्हणजे `j` उजवीकडून डावीकडे चालवला, तर `row[j-1]` मध्येही मागच्या ओळीचा आकडा असतो. तेव्हा वरचे घर आणि तिरके वरचे-डावे घर यांची बेरीज होऊ लागते. ४ × ५ च्या मोकळ्या जाळीत ३५ ऐवजी १ येतो. प्रत्येक वस्तू एकदाच घ्यायच्या नॅपसॅकच्या प्रश्नात नेमकी ही उलटी दिशाच हवी असते, कारण तिथे या फेरीत बदललेला आकडा वापरायचा नसतो. एक कोड पाहून दुसरे लिहिणारे इथे फसतात.

आकडा मावतो की नाही हेही पाहावे लागते. वरच्या पायथॉन कोडमध्ये पूर्णांक हवा तेवढा वाढतो, पण ३२ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकाची मर्यादा २,१४,७४,८३,६४७ आहे आणि १८ × १८ च्या मोकळ्या जाळीत २,३३,३६,०६,२२० वाटा आहेत. तिथे उत्तर ऋण येते, म्हणून निदान चूक दिसते तरी. ६४ बिट ३४ × ३४ पर्यंत पुरतात, ३५ × ३५ ला नाही. म्हणूनच स्पर्धांतल्या प्रश्नांत उत्तर बऱ्याचदा 1000000007 ने भागून उरलेली बाकी मागतात. ती दर बेरजेनंतर घ्यावी, शेवटी एकदा नव्हे.

एका ओळीत काय हरवते

एकच ओळ उरली की संख्या मिळते, पण वाट मिळत नाही. पूर्ण तक्ता हाताशी असेल तर शेवटच्या घरापासून मागे चालत, दर घरी वरचा आणि डावा आकडा यांच्या प्रमाणात कौल लावून सर्व वाटांतून समान संधीने एक वाट निवडता येते. एका ओळीवरून हे होत नाही, कारण वरच्या ओळींचे आकडे पुसले गेलेले असतात. दोन मजकुरांतली सर्वात लांब समान उपमाला काढण्याच्या प्रश्नात हीच अडचण होती. डॅनियल हर्शबर्ग यांनी १९७५ मध्ये तिच्यावर मार्ग काढला: अर्धी जाळी वरून आणि अर्धी खालून मोजायची, मधल्या ओळीतली जागा ठरवायची आणि दोन्ही बाजूंना तेच पुन्हा करायचे. वेळ साधारण दुप्पट लागतो, पण मेमरी एका ओळीच्या मापाचीच राहते. वाटांच्या जाळीतही ही युक्ती चालते. फक्त मधल्या ओळीतून खाली उतरण्याची जागा दोन्ही बाजूंच्या आकड्यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात निवडावी लागते.

जाळी प्रचंड आणि बंद घरे मोजकीच असतील तर ओळ भरत बसणेही वायाच. तेव्हा बंद घरे क्रमाने लावून, प्रत्येकापर्यंतच्या एकूण वाटांतून आधीच्या बंद घरांना आधी भिडणाऱ्या वाटा `C` च्या सूत्राने वजा करत जातात. `k` बंद घरांसाठी साधारण `k²` पायऱ्या लागतात, मग जाळीची बाजू लाखांत असली तरी हरकत नाही.

वर आणि डावीकडे जायलाही परवानगी दिली की मात्र ही सगळी मांडणी कोसळते. एका घराचा आकडा दुसऱ्यावर आणि दुसऱ्याचा पहिल्यावर अवलंबून राहतो, त्यामुळे घरे कोणत्या क्रमाने भरायची हेच ठरत नाही. घर पुन्हा न ओलांडण्याची अट घातली तर वाटा मोजता येतात, पण तेव्हा कोणती घरे ओलांडून झाली हेही लक्षात ठेवावे लागते आणि एका घराला एक आकडा पुरत नाही.