प्लीहा काढलेल्या माणसाचा ताप

चिमूर तालुक्यातला एक पस्तिशीचा शेतकरी घेऊ. पेरणीच्या धामधुमीत बैलाने त्याला डाव्या बरगडीखाली शिंग मारलं. पोटात रक्तस्राव सुरू झाला, नागपूरला नेईपर्यंत रक्तदाब पडला होता. ५ जूनच्या रात्री शस्त्रक्रिया झाली आणि फुटलेली प्लीहा काढून टाकावी लागली. प्लीहा म्हणजे आपल्याकडे ज्याला तिल्ली म्हणतात तो अवयव. १३ जूनला तो घरी आला. टाके सुकले, महिना-दीड महिन्याने तो डवरणीच्या कामाला लागला, आणि डिस्चार्ज कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घडी होऊन फडताळात गेलं.

त्या कार्डावर इंग्रजीत ‘स्प्लेनेक्टॉमी’ असा शब्द आहे. घरात कुणाला तो वाचता आला तरी त्याच्यामागून काय काय येतं हे त्यावरून कळत नाही. डॉक्टर बहुतेक सांगतात की प्लीहेशिवाय माणूस जगू शकतो. ते खरंच आहे, फक्त अर्धं आहे.

प्लीहा जेमतेम दीड-दोनशे ग्रॅमची असते. तिच्या अरुंद वाटांमधून रक्त हळूहळू झिरपतं आणि तिथल्या भक्षक पेशींना जंतू ओळखून गिळायला वेळ मिळतो. हे काम यकृतही करतं, पण एका अटीवर. जंतूवर आधी प्रतिपिंड, म्हणजे त्याला ओळखून चिकटणारी शरीराने बनवलेली प्रथिनं, चिकटलेले असले, तरच यकृत त्याला नीट पकडतं. न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बी या तीन जिवाणूंभोवती साखरेच्या लांब साखळ्यांचं बुळबुळीत आवरण असतं, त्यामुळे भक्षक पेशींच्या हातून ते निसटतात. नव्याने आलेल्या अशा जंतूला प्रतिपिंडांविना अडवायचं, आणि त्या आवरणाविरुद्ध झटपट प्रतिपिंडही बनवायचे, ही दोन्ही कामं मुख्यतः प्लीहेची. ती गेली की हीच वाट उघडी पडते. बाकीची प्रतिकारशक्ती शाबूत असते, म्हणून माणूस धडधाकट दिसतो, सर्दी-पडशातून नेहमीसारखा बराही होतो.

न्यूमोकॉकसला अनुकूल परिस्थिती मिळाली तर तो साधारण अर्ध्या तासात दुप्पट होतो. हे कागदावरचं गणित आहे, शरीरात थोडाफार अडथळा असतोच. तरी रात्री दहाला आलेला ताप ‘सकाळी बघू’ म्हणून सहापर्यंत ठेवला, तर मधल्या आठ तासांत सोळा वेळा दुप्पट, म्हणजे एका जंतूचे पासष्ट हजार. अशा जंतुसंसर्गात माणूस एक-दोन दिवसांत दगावू शकतो, आणि दगावणाऱ्यांचं प्रमाण निम्म्यापर्यंत गेल्याच्या नोंदी आहेत. धोका पहिल्या दोन-तीन वर्षांत सर्वांत जास्त, पण तो पुरता जात नाही. शस्त्रक्रियेनंतर वीस वर्षांनीही असे रुग्ण सापडलेले आहेत.

आता लसी. यकृताला काम करण्यासाठी प्रतिपिंड लागतात, म्हणून जंतू येण्याआधीच ते रक्तात तयार ठेवायचे, एवढंच लसीचं तत्त्व इथे आहे. शस्त्रक्रिया आधी ठरलेली असेल तर लसी किमान दोन आठवडे अगोदर द्याव्यात. आपल्या शेतकऱ्याचं सगळं अचानक घडलं, त्यामुळे त्याला चौदा दिवसांनी, म्हणजे १९ जूनपासून सुरुवात करायची. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर लगेच दिलेल्या लसीला शरीर तितका चांगला प्रतिसाद देत नाही. पण रुग्ण गावी गेल्यावर परत येणार नाही अशी शंका असेल, तर घरी सोडतानाच लस टोचावी. न दिलेल्या लसीपेक्षा थोडी कमी लागू पडणारी लस कधीही बरी.

१९ जूनला त्याला न्यूमोकॉकलची कॉन्जुगेट लस, हिबची म्हणजे हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बीची एक मात्रा आणि फ्लूची लस, तिन्ही एकाच दिवशी वेगवेगळ्या जागी देता येतात. कॉन्जुगेट लसीत जंतूच्या साखरेच्या आवरणाला एक प्रथिन जोडलेलं असतं. त्यामुळे प्लीहा नसली तरी शरीर त्या आवरणाची आठवण पक्की ठेवतं. न्यूमोकॉकसची दुसरी लस २३ प्रकारांची असते, तिच्यात नुसती साखर असते. ती जास्त प्रकारांवर चालते, पण आठवण कच्ची ठेवते, म्हणून ती नंतर, किमान आठ आठवड्यांनी, आपल्या हिशेबात १४ ऑगस्टला. क्रम उलटा झाला तर कॉन्जुगेट लसीचा परिणाम कमी पडतो. गडबड सहसा इथेच होते, कारण औषधाच्या दुकानात ‘न्यूमोनियाची लस’ एवढंच मागितलं की जी हाताशी असेल ती मिळते. २३ प्रकारांची मात्रा पाच वर्षांनी पुन्हा घ्यायची. अलीकडे जास्त प्रकार सामावणाऱ्या कॉन्जुगेट लसी आल्या आहेत, त्यातली एखादी घेतली तर हे वेळापत्रक बदलतं.

मेनिंगोकॉकलच्या लसीच्या दोन मात्रा आठ आठवड्यांच्या अंतराने घ्यायच्या आणि पुढे दर पाच वर्षांनी एक. तिची डिप्थेरियाच्या टॉक्सॉइडला, म्हणजे निष्प्रभ केलेल्या विषाला, जोडलेली जात न्यूमोकॉकल कॉन्जुगेटसोबत दिली तर न्यूमोकॉकलचा असर घटू शकतो, म्हणून मध्ये चार आठवडे सोडतात. म्हणजे १७ जुलै आणि ११ सप्टेंबर. फ्लूची लस दरवर्षी, कारण फ्लूच्या मागोमाग न्यूमोकॉकस येतो.

सरकारी लसीकरणात बाळांना हिब आणि न्यूमोकॉकल कॉन्जुगेट मोफत मिळतात, पण पस्तीस वर्षांच्या माणसासाठी ही सोय नाही. सगळा खर्च हजारांत जातो, आणि तो पेरणीच्या तोंडावर येतो. पैसे एकदम नसतील तर निदान १९ जूनची न्यूमोकॉकल लस चुकवू नये, कारण अशा संसर्गात सर्वांत जास्त वेळा सापडतो तो न्यूमोकॉकस.

विदर्भात मात्र ज्यांची प्लीहा काढलेली नाही, पण निकामी झाली आहे, असे लोकही खूप आहेत. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, नागपूर या पट्ट्यात सिकलसेल घरोघरी माहीत आहे. रक्ताच्या या आनुवंशिक आजारात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी प्लीहेतल्या बारीक वाटा बंद करत राहतात आणि ती हळूहळू निकामी होते. आफ्रिकी वंशाच्या मुलांमध्ये हे बहुधा पहिल्या काही वर्षांतच होतं. आपल्याकडच्या रुग्णांच्या रक्तात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त टिकतं, त्यामुळे प्लीहा जास्त वर्षं राहते, पुष्कळदा मोठी होऊन बरगडीखाली हाताला लागते. ‘तिल्ली तर हाताला लागते ना?’ असं म्हणून घरचे निर्धास्त राहतात. पण मोठी प्लीहा म्हणजे काम करणारी प्लीहा नव्हे. ती काम थांबवते तेव्हा एरवी तिने तांबड्या पेशींतून काढून टाकलेले केंद्रकाचे बारीक अवशेष रक्तात तसेच राहतात. रक्ताच्या काचपट्टीवर ते गोल जांभळ्या ठिपक्यांसारखे दिसतात, त्यांना हॉवेल-जॉली बॉडी म्हणतात. दिसले तर प्लीहा बंद पडली आहे असं धरावं. न दिसले म्हणून ती ठणठणीत आहे असं नाही. सिकलसेलच्या एसएस रुग्णाला, म्हणजे आई-वडील दोघांकडून सिकलसेलचं जनुक आलेल्याला, तापाचा नियम प्लीहा नसलेल्यासारखाच लावावा, असं मला ठामपणे वाटतं.

रोजच्या पेनिसिलिनचा सर्वांत भक्कम पुरावा सिकलसेलच्या मुलांतूनच आला. अमेरिकेत तीन वर्षांखालच्या २१५ मुलांपैकी काहींना दिवसातून दोनदा १२५ मिलिग्रॅम पेनिसिलिन व्ही दिलं, बाकीच्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. औषधाच्या गटातल्या १०५ पैकी दोघांना गंभीर संसर्ग झाला. दुसऱ्या गटातल्या ११० पैकी तेरा जणांना झाला आणि तीन मुलं दगावली. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास आठ महिने आधीच थांबवला. हे निष्कर्ष १९८६ साली छापून आले. वयाच्या तीन वर्षांनंतर मात्रा २५० मिलिग्रॅम दोनदा, आणि सिकलसेलच्या मुलांना निदान पाच वर्षांचं होईपर्यंत. प्लीहा काढलेल्या मुलांना किंवा एकदा असा संसर्ग होऊन गेलेल्यांना ते पुढेही चालू ठेवतात. प्रौढांबाबत तज्ज्ञांत एकमत नाही. आपल्या शेतकऱ्याला २५० मिलिग्रॅम दोनदा, निदान पहिली एक-दोन वर्षं, हा सर्वसाधारण सल्ला. कुणी आयुष्यभर द्या म्हणतात.

अडचण असते गोळी मिळण्याची. पेनिसिलिन व्ही तालुक्याच्या दुकानात कधी असते, कधी महिना-महिना नसते. तेव्हा डॉक्टर ॲमॉक्सिसिलिन लिहून देतात, पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर एरिथ्रोमायसिन. बाळासाठी पाण्यात कालवलेलं पातळ औषध फ्रीजमध्ये चौदाच दिवस टिकतं. वीज जात-येत असेल, तर २५० च्या गोळीचा अर्धा भाग दोन चमच्यांमध्ये चुरून थोड्या पाण्यात कालवून पाजणं सोपं. आणि पेनिसिलिन चालू असलं तरी त्याला न जुमानणारे जंतू असतातच, म्हणून तापाचा नियम बदलत नाही.

तो नियम आपल्या शेतकऱ्यावरच लावून पाहू. दीड वर्षाने, कापूस वेचणीच्या दिवसांत, संध्याकाळी सातला त्याला हुडहुडी भरते. अंग दुखतं, एक उलटी होते. थर्मामीटरवर १०१ फॅरनहाइट. ताप १००.४ च्या वर गेला, किंवा ताप मोजायच्या आधीच अशी हुडहुडी भरली, की ही तातडी समजायची. घरात डॉक्टरांनी आधीच लिहून दिलेली ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक ॲसिडची गोळी ठेवलेली असावी, प्रौढासाठी बहुधा ८७५ आणि १२५ मिलिग्रॅमची. ती लगेच घ्यायची, पण ती रुग्णालयाऐवजी नव्हे. तो गाडीत बसेपर्यंत १०८ ला फोन जातो, किंवा शेजाऱ्याची मोटरसायकल निघते. पॅरासिटामॉलने ताप उतरला म्हणून बेत रद्द करायचा नाही. गावातल्या सुईने घाम फुटून बरं वाटलं तरी नाही. त्या सुईत स्टेरॉइड असेल तर ताप उतरतो, जंतू वाढतच राहतात.

उपजिल्हा रुग्णालयात पोचल्यावर पहिलं वाक्य एकच: ‘यांची तिल्ली काढलेली आहे, ताप आहे.’ सोबत डिस्चार्ज कार्ड. रक्त कल्चरसाठी, म्हणजे त्यातले जंतू वाढवून ओळखण्यासाठी, काढून लगेच शिरेतून सेफ्ट्रिअॅक्सोन, प्रौढाला साधारण दोन ग्रॅम. कल्चरची सोय नसेल तर त्यासाठी थांबायचं नाही, शीर सापडत नसेल तर स्नायूत द्यायचं. हातपाय गार पडणं, गुंगी, अंगावर जांभळे डाग, रक्तदाब खाली, ही चिन्हं दिसली तर सलाइन लावून पुढे मोठ्या रुग्णालयात, पण प्रतिजैविकाची पहिली मात्रा इथेच.

इथे एक फसवणूक होते. प्लेटलेट कमी दिसल्या की डेंग्यूचा शिक्का बसतो. मलेरियाची पट्टी पॉझिटिव्ह आली की कारण सापडलं असं सगळ्यांना वाटतं. गडचिरोलीच्या बाजूला ती पॉझिटिव्ह यायची शक्यताही जास्त, आणि प्लीहा नसलेल्याला मलेरिया जोरात होतो, म्हणून त्याचा उपचार हवाच. पण तो जंतूंना मारत नाही. दोन्ही औषधं सोबत सुरू करावीत.

कुत्रा चावला तर रेबीजच्या इंजेक्शनांसाठी सगळेच धावतात. प्लीहा नसलेल्याने तिथेही आपल्याला तिल्ली नाही हे सांगावं, कारण कुत्र्याच्या लाळेतला कॅप्नोसायटोफॅगा नावाचा जिवाणू अशा माणसाला झपाट्याने घेरू शकतो. जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवून, ओरखडा लहान दिसत असला तरी, त्याच दिवशी ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक ॲसिड सुरू करून घ्यावं.